परत आलेल्या कुलरचं कमिशन

विट्याच्या एका दुकानातून २० जूनला दहा कुलर परत आले. २८ मे रोजी ते गेले होते, तेव्हा उन्हाचा कडाका होता. पुढच्या तीन आठवड्यांत पाऊस लागला आणि दुकानदाराने खोकी न उघडता टेम्पोत घातली. माल सांगलीच्या गोडाऊनला उतरला, क्रेडिट नोट झाली, दुकानदाराच्या खात्याला रक्कम जमा झाली. इथवर सगळं नेहमीचं. पण या दहा कुलरवर विट्याच्या सेल्समनने मे महिन्याचं कमिशन घेतलं होतं. त्यातलं किती परत घ्यायचं, हा प्रश्न माझ्या टेबलावर आला. उत्तर काढायला गेले तर एक नाही, तीन निघाली.

मी तीन-चार छोट्या व्यापाऱ्यांची खाती लिहिते. त्यांपैकी हे एक, पंखे, मिक्सर, गिझर, कुलर विकणारे वितरक. सेल्समन चार, प्रत्येकाची एक लाइन: मिरज, तासगाव, विटा, जत. त्यांची नावं इथे घेत नाही आणि आकडेही समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत. हिशेबाची रीत मात्र आम्ही प्रत्यक्षात बसवली तीच आहे. ती बसवताना कळलं की कमिशनच्या शीटमध्ये अवघड जागा स्लॅबची नसून परत आलेल्या मालाची असते, आणि ती स्लॅबमुळेच अवघड होते.

आधी स्लॅबचं पाहू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आमच्याकडे पूर्वी नियम असा होता: महिन्याची विक्री तीन लाखांच्या आत असेल तर एक टक्का, तीन लाखांपासून दोन टक्के, पाच लाखांपासून तीन टक्के. ऐकायला सरळ वाटतो. पण ज्या टप्प्यात विक्री पोचली त्या टप्प्याचा दर सगळ्या विक्रीला लागायचा, अगदी पहिल्या रुपयापासून. म्हणजे ४,९८,००० विकले तर दोन टक्क्यांनी ९,९६० रुपये. ५,०२,००० विकले तर तीन टक्क्यांनी १५,०६० रुपये. चार हजारांची जादा विक्री आणि ५,१०० रुपयांचं जादा कमिशन! चार हजारांचा माल स्वतःच विकत घेऊन नदीत टाकला तरी सेल्समन फायद्यात राहील, असा हा नियम होता.

नदीत कोणी टाकत नाही. पण महिन्याच्या २८-२९ तारखेला ओळखीच्या दुकानात जाऊन ‘शेठ, एक बिल फाडतो, पुढच्या आठवड्यात माल उचलतो’ असं म्हणणारे असतात. दुकानदाराचं काही जात नाही, जागा तेवढी अडते. आमच्याकडे महिन्याच्या शेवटच्या तीन दिवसांतल्या बिलांचा माल बाकीच्या दिवसांपेक्षा कितीतरी जास्त परत यायचा, आणि त्याचं कारण सेल्समनच्या स्वभावात शोधण्यापेक्षा आम्हीच लिहिलेल्या नियमात होतं.

दुसरी पद्धत आपल्या विजेच्या बिलात असते. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या शंभर युनिटांना एक दर, १०१ ते ३०० ला दुसरा, ३०१ ते ५०० ला तिसरा. तीनशेच्या वर एक युनिट गेलं की सगळं बिल वरच्या दराने येतं, असं घरोघरी सांगितलं जातं. तसं नाही. वरचा दर फक्त त्या ३०१ व्या युनिटाला लागतो, खालची तीनशे आपापल्या दरानेच राहतात. कमिशनही असंच टप्प्याटप्प्याने मोजलं की कडा गुळगुळीत होते. आम्ही एप्रिलपासून तसं केलं: पहिल्या तीन लाखांवर दीड टक्का, पुढच्या दोन लाखांवर तीन टक्के, पाच लाखांच्या वरच्या रकमेवर पाच टक्के. विक्री म्हणजे जीएसटी वगळून. ग्राहकाने भरलेल्या करावर कमिशन द्यायचं काही कारण नाही.

हे दर हवेतून आले नाहीत. जुनेच एक-दोन-तीन टक्के टप्प्याटप्प्याने लावले असते तर सगळ्यांचं कमिशन घटलं असतं आणि चौघेही दुसऱ्या दिवशी दुसरीकडे गेले असते. म्हणून मागच्या बारा महिन्यांची प्रत्येकाची विक्री काढली, ती नव्या नियमातून चालवली आणि वर्षाचा एकूण खर्च साधारण तेवढाच येईपर्यंत दर हलवले. मिरजेच्या गड्याला ६,२०,००० च्या महिन्यात जुन्या नियमाने १८,६०० मिळाले असते, नव्याने १६,५०० मिळतात. तो नाराज होता. पण पावसाळ्यात त्याची विक्री २,४०,००० वर येते, तेव्हा २,४०० च्या जागी ३,६०० मिळतात. साडेचार लाखांना दोन्ही नियम ९,००० च देतात. हा कागद त्याच्यापुढे ठेवला तेव्हा तो म्हणाला, “ठीक आहे मॅडम, पण मे महिन्याचं दुःख जुलैत भरून निघत नाही.” खरं होतं त्याचं.

शीटमध्ये हे मोजायला बरेच जण एकात एक असे तीन-चार `IF` घालतात. चालतं, पण पुढच्या वर्षी टप्पा बदलला की कुठला आकडा कुठे बदलायचा ते लिहिणाऱ्यालाही आठवत नाही. त्यापेक्षा एक छोटा तक्ता करावा. एका स्तंभात टप्पा सुरू होण्याची रक्कम: ०, ३,००,०००, ५,००,०००. शेजारी त्या टप्प्याचा पूर्ण दर न लिहिता आधीच्या दरावर झालेली वाढ लिहावी: दीड टक्का, दीड टक्का, दोन टक्के. मग एकच सूत्र पुरतं. `D2` मध्ये महिन्याची विक्री आहे असं धरा:

```
=SUMPRODUCT((D2>$A$2:$A$4)*(D2-$A$2:$A$4)*$B$2:$B$4)
```

याचा मराठीत अर्थ असा: प्रत्येक रुपयाला दीड टक्का द्या, तीन लाखांच्या वर गेलेल्या रुपयाला आणखी दीड टक्का द्या, पाच लाखांच्या वर गेलेल्याला त्यावर आणखी दोन टक्के. विट्याची मे महिन्याची विक्री ५,४०,००० होती. पूर्ण रकमेवर दीड टक्का ८,१००, तीन लाखांवरच्या २,४०,००० वर दीड टक्का ३,६००, पाच लाखांवरच्या ४०,००० वर दोन टक्के ८००. एकूण १२,५०० रुपये. सूत्र बरोबर बसलं का हे पाहायला कडेवरचे आकडे घालावेत. ५,००,००० ला १०,५०० यायला हवेत आणि ५,००,१०० ला १०,५०५. शंभर रुपयांच्या वाढीला पाच रुपयांहून जास्त आले, तर कुठेतरी जुनी कडा शिल्लक आहे.

आता ते कुलर. एक कुलर ६,००० रुपये, दहांचे ६०,०००. दुकानदाराच्या बिलावर अठरा टक्के जीएसटी धरून ७०,८०० होते, पण आपल्याला ६०,००० शी काम.

पहिलं उत्तर शेठनी दिलं, तोंडी. “मे महिन्यात त्याला ५,४०,००० ला साडेबारा हजार मिळाले. म्हणजे सरासरी सव्वादोन टक्क्यांच्या वर. त्याच दराने साठ हजारांचं काप.” नीट गुणलं तर १,३८९ रुपये येतात.

दुसरं उत्तर बहुतेक दुकानांत चालतं तेच. माल जूनमध्ये आला, तर जूनच्या विक्रीतून वजा करा. विट्याची जूनची विक्री ३,१०,००० होती, त्यावर कमिशन ४,८००. साठ हजार वजा केले की २,५०,०००, त्यावर ३,७५०. फरक १,०५० रुपये.

तिसरं उत्तर शोधायला मे महिन्यात परत जावं लागतं. हे कुलर विकलेच गेले नसते तर मे महिन्याची विक्री ४,८०,००० राहिली असती आणि कमिशन झालं असतं ९,९००. त्याला मिळाले १२,५००. फरक २,६०० रुपये.

१,०५०, १,३८९ आणि २,६००. एकाच दहा कुलरचे. सेल्समन अर्थातच पहिल्या आकड्याच्या बाजूने असणार. पण बरोबर उत्तर तिसरं आहे, आणि का ते नीट समजून घेतलं पाहिजे. विट्याच्या गड्याने साठ हजारांचं ते बिल २८ तारखेला फाडलं तेव्हा तो ४,८०,००० वर होता. त्या बिलातल्या वीस हजारांनी त्याला पाच लाखांपर्यंत नेलं, त्यावर तीन टक्के म्हणजे ६०० रुपये मिळाले. उरलेले चाळीस हजार पाच टक्क्यांच्या टप्प्यात पडले, त्यांवर २,००० मिळाले. या बिलाने त्याला दिले ते २,६००. ते बिल नाहीसं झालं तर तेवढेच परत जायला हवेत.

जूनच्या विक्रीतून वजा करण्याची पद्धत सोपी आहे म्हणून लोकप्रिय आहे, पण तिच्यात एक फट राहते. तेजीच्या महिन्यात पाच टक्क्यांनी कमवायचं आणि मंदीच्या महिन्यात दीड टक्क्याने परत करायचं. या उदाहरणात १,५५० रुपये सेल्समनच्या खिशात राहिले असते, न विकलेल्या मालावर. उलट बाजूही तेवढीच वाईट. समजा माल परत आला त्याच महिन्यात त्याने सहा लाखांच्या वर विक्री केली असती, तर सगळे साठ हजार पाच टक्क्यांच्या टप्प्यातून गेले असते आणि २,६०० कमावलेल्यावर ३,००० कापले गेले असते. मग चांगल्या महिन्यात माल परत घ्यायला सेल्समन टाळाटाळ करतो, दुकानदार चिडतो, आणि आपल्याला वाटतं की गडी आळशी आहे.

आमचा नियम म्हणून एका वाक्यात बसला: परत आलेला माल ज्या महिन्यात विकला गेला त्या महिन्याच्या विक्रीतून वजा करायचा, त्या महिन्याचं कमिशन पुन्हा मोजायचं, आणि आजवर दिलेल्या रकमेशी फरक काढायचा. यात एक छान गोष्ट आपोआप साधते. पुढे जुलैत त्याच मे महिन्यातला आणखी तीस हजारांचा माल आला, तर ४,८०,००० चे ४,५०,००० होतात, कमिशन ९,९०० वरून ९,००० वर येतं, आणखी ९०० निघतात. दोन्ही मिळून ३,५००. आधी तीस हजारांचा आणि मग साठ हजारांचा माल आला असता तरी बेरीज ३,५०० च झाली असती. कुठला माल आधी आला यावरून वाद घालायला जागाच राहत नाही.

यासाठी एक गोष्ट हाताशी हवी: प्रत्येक क्रेडिट नोटवर मूळ बिलाचा नंबर. अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तो टाकायला जागा असते आणि घाईत ती रिकामी सोडली जाते. ती रिकामी असेल तर माल कुठल्या महिन्याचा आणि कुणाच्या लाइनचा ते कळत नाही, आणि मग जूनमधूनच वजा करावं लागतं. मी आता मूळ बिल नंबराशिवाय क्रेडिट नोट करू देत नाही. शीटमध्ये बिलांचं एक पान आणि परत मालाचं एक पान आहे. दोन्हींत सेल्समनची लाइन आणि मूळ विक्रीचा महिना लिहिलेला असतो. निव्वळ विक्री अशी निघते:

```
=SUMIFS(Bills!$D:$D,Bills!$C:$C,$A2,Bills!$E:$E,$B2)
 -SUMIFS(Returns!$D:$D,Returns!$C:$C,$A2,Returns!$E:$E,$B2)
```

यात मी एकदा फसले. परत मालाच्या पानावर कोणीतरी ‘विटा’ लिहून पुढे एक स्पेस सोडली होती. डोळ्याला दिसत नाही, पण शीटच्या दृष्टीने ती वेगळीच लाइन झाली. सूत्राने चूक दाखवली नाही, गुपचूप शून्य वजा केलं. तेव्हापासून खाली एक ताळा ठेवलाय: परत मालाच्या पानाची एकूण बेरीज आणि चौघांच्या हिशेबात वजा झालेल्या मालाची बेरीज. दोन्हींचा फरक शून्य नसेल तर कोणाचंही कमिशन काढायचं नाही.

मे महिन्याचं कमिशन पुन्हा मोजायचं म्हणजे मे महिन्याचा कागद बदलायचा, असं नव्हे. जुन्या कीर्दीत खाडाखोड चालत नसे. चूक झाली तर खाली उलट नोंद घालत. इथेही तेच. मे महिन्याची चिठ्ठी सेल्समनच्या हातात गेली ती गेली. जूनच्या चिठ्ठीत खाली एक ओळ येते: मे महिन्याची विक्री ५,४०,००० होती, आता ४,८०,००० झाली, देय एवढं, दिलं एवढं, फरक एवढा, कारण या नंबरची क्रेडिट नोट. जुना आकडा आणि नवा आकडा दोन्ही दिसले की निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

प्रश्न उरतो तो वसुलीचा. हातात पडलेले २,६०० परत काढणं आणि न दिलेले २,६०० न देणं, यांत हिशेबाने फरक नाही, माणसाला मात्र फार फरक पडतो. शिवाय कायद्याचीही बाजू आहे. पगारातून कशासाठी आणि किती कापता येतं यावर १९३६ च्या पेमेंट ऑफ वेजेस कायद्याने बंधन घातलं होतं, आणि २०१९ च्या वेज कोडमध्येही एकूण कपात वेतनाच्या निम्म्याहून जास्त होऊ नये असं कलम आहे. म्हणून मूळ पगाराला हात लावायचाच नाही, जे काही फिरवायचं ते कमिशनच्या खात्यातच, असं आम्ही ठरवलं. आणि नेमणुकीच्या कागदावर लिहून सह्या घेतल्या की बिल झाल्यावर मिळते ती उचल आहे. बिलाला पंचेचाळीस दिवस झाले की तिचं कमिशन होतं. उचल म्हणजे काय हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

उचल ऐंशी टक्के द्यायची, वीस टक्के राखून ठेवायची. विट्याच्या १२,५०० पैकी १०,००० जूनच्या पहिल्या आठवड्यात दिले, २,५०० ठेवून घेतले. ३१ मे रोजीच्या शेवटच्या बिलाची मुदत १५ जुलैला संपते, त्या दिवशी राखलेली रक्कम मोकळी व्हायची. मधे कुलर आले, देय रक्कम ९,९०० झाली. दिलेले १०,०००. म्हणजे येणं फक्त शंभर रुपये. तो गडी शंभराची नोट घेऊन आला होता. मी म्हटलं, ती खिशात ठेवा, पुढच्या चिठ्ठीत वजा होईल. रोख घेतली तर शीटला कळणार नाही. वीस टक्के कमी की जास्त हे आपापल्या धंद्यावर ठरतं. मागच्या वर्षी परत मालामुळे एखाद्या महिन्याचं कमिशन जास्तीत जास्त किती टक्क्यांनी घसरलं ते पाहायचं आणि त्याच्या आसपास ठेवायचं. उगाच चाळीस टक्के अडकवले तर माणूस घरचा हप्ता कशातून भरणार?

एवढं सगळं बसवल्यावर आम्हाला वाटलं, झालं. कुलरचा खरा दणका बसला तो टीम बोनसला, आणि तिकडे कोणी पाहिलंच नव्हतं.

टीम बोनसचा नियम जुनाच राहिला होता: चौघांची मिळून विक्री एकोणीस लाखांवर गेली की बारा हजार रुपये, चौघांत सारखे. मे महिन्यात असं झालं:

| लाइन | विक्री | कमिशन |
|---|---|---|
| मिरज | ६,२०,००० | १६,५०० |
| तासगाव | ४,७०,००० | ९,६०० |
| विटा | ५,४०,००० | १२,५०० |
| जत | २,९०,००० | ४,३५० |
| एकूण | १९,२०,००० | ४२,९५० |

एकोणीस लाख ओलांडले, प्रत्येकाला तीन हजार मिळाले, तेही पूर्ण. जूनमध्ये कुलर आले आणि मे महिन्याची बेरीज १८,६०,००० वर आली. नियम काटेकोर लावला तर बोनस लागूच होत नाही आणि बारा हजार परत घ्यावे लागतात. विट्याकडून २,६०० ची गोष्ट होती. इथे चौघांकडून तीन-तीन हजार. जतचा गडी माझ्यासमोर बसून शांतपणे म्हणाला, “मॅडम, कुलर विट्याचे, पाऊस देवाचा, आणि पैसे माझे?” त्याचं सगळं कमिशन ४,३५०, त्यातून तीन हजार काढायचे. मला उत्तर सुचलं नाही.

मग विट्याच्या एकट्याकडून बारा हजार घ्यायचे का? तेही बरोबर नाही. बोनस मिळाला तेव्हा त्याच्या वाट्याला तीनच हजार आले होते. शेवटी शेठनी त्या महिन्याचा तोटा पोटात घातला आणि मला नियम बदलायला सांगितला.

खोट पहिल्या स्लॅबमध्ये होती तीच होती, कड्याची. १८,९९,००० ला शून्य आणि १९,००,००० ला बारा हजार. कडा असली की एका माणसाचं एक बिल सगळ्यांना वर चढवतं किंवा खाली ढकलतं. सरकारलाही हे कळतं. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. बारा लाख दहा हजार झाले तर स्लॅबप्रमाणे कर ६१,५०० येतो. दहा हजारांच्या वाढीवर एवढा कर कसा घेणार, म्हणून मार्जिनल रिलीफ देऊन तो दहा हजारांवर आणतात, सेस वेगळा.

आम्ही कडा काढून उतार केला. चौघांची मिळून विक्री सोळा लाखांच्या वर जाईल त्या जादा रकमेवर दोन टक्के टीम बोनस. १९,२०,००० ला ६,४०० होतात. कुलर वजा होऊन १८,६०,००० झाले की ५,२००. एकाच्या परत मालाने बाराशेचा फरक पडतो, माणशी तीनशेचा. बारा हजारांच्या मानाने रक्कम लहान दिसते, पण आता ती सतरा-अठरा लाखांच्या महिन्यांतही मिळते, जिथे पूर्वी काहीच नव्हतं. आणि हा बोनस उचल म्हणून देतच नाही. पंचेचाळीस दिवस झाले की त्या दिवशीच्या निव्वळ विक्रीवर एकदाच मोजायचा आणि पूर्ण द्यायचा. जे दिलंच नाही ते परत मागायचा प्रश्न येत नाही.

वाटणी सारखीच ठेवली. मिरजेच्या गड्याचं म्हणणं होतं की विक्रीच्या प्रमाणात वाटा. मला ते पटलं नाही. मोठ्या विक्रीचं बक्षीस स्लॅबने त्याला आधीच दिलेलं आहे, पाच टक्क्यांच्या टप्प्यात. टीम बोनसही त्याच मापाने वाटला तर एकाच गोष्टीचे दोनदा पैसे दिले जातात, आणि जतसारख्या दूरच्या, विरळ लाइनवर फिरणाऱ्याला चौघांच्या बेरजेशी काही घेणंदेणं उरत नाही. मात्र एक गोष्ट शेठना दाखवून ठेवली. वरच्या टप्प्यातला पाच टक्के आणि टीमचे दोन, म्हणजे शेवटच्या रुपयावर सात टक्के कमिशनमध्ये जातात. त्यांना सरासरी बारा टक्के सुटतात म्हणून हे परवडतं. ज्या मालावर सहाच सुटतात तिथे हीच शीट प्रत्येक जादा विक्रीला तोटा करेल, आणि बेरीज-वजाबाकी सगळी बरोबर दिसेल.

खराब निघालेल्या मालाचं काय, हे नंतर ठरवावं लागलं. मोटर जळालेला कुलर कंपनीची चूक आहे, सेल्समनची नव्हे. बदली माल दिला तर क्रेडिट नोट होत नाही, कमिशनला धक्का लागत नाही. पैसे परत दिले आणि दोष मालाचा असेल, तर सेल्समनच्या हिशेबातून तो वजा करायचा नाही. ताळ्यात तेवढी रक्कम वेगळी दाखवायची. पण कारण लिहायचं गोडाऊनच्या माणसाने, खोकं उघडून. पहिल्या महिन्यात ते सेल्समननी लिहिलं होतं आणि सांगली जिल्ह्यात एकाएकी सगळेच मिक्सर नादुरुस्त निघाले होते.

पंचेचाळीस दिवसांच्या मुदतीलाही कडा आहेच, ती मला अजून काढता आलेली नाही. छेचाळिसाव्या दिवशी आलेल्या मालाचं कमिशन फिरत नाही, तो तोटा शेठचा. मुदत कुठेतरी संपवावी लागते, नाहीतर माणसाला आपलं कमिशन आपलं झालं असं कधीच म्हणता येणार नाही. परत मालाच्या पानावर मी एक स्तंभ वाढवला, बिलापासून किती दिवसांनी माल आला याचा, आणि दिवाळीनंतर तो क्रमाने लावून पाहिला. बहुतेक नोंदी दहा ते तीस दिवसांत होत्या. त्यानंतर मोकळी जागा. आणि मग एकदम शेचाळीस, शेचाळीस, सत्तेचाळीस, तिन्ही तासगावच्या लाइनचे गिझर. महिन्याच्या बैठकीत शेठनी ते तीन आकडे मोठ्याने वाचले आणि कागद खाली ठेवला. तासगावचा गडी थोडा वेळ पंख्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, “टेम्पो मिळत नव्हता, मॅडम.”